आमरसासाठी किती आंबे घ्यावेत? डझनाचा नव्हे, वजनाचा हिशेब

हापूस डझनावर विकला जातो आणि रसाचा अंदाज चुकतो तो तिथेच. १८० ग्रॅमच्या फळांचा डझन सव्वादोन किलोच्या आत भरतो, तर २८० ग्रॅमच्या फळांचा जवळपास साडेतीन किलो. शिवाय फळ लहान असलं तरी कोय आणि साल त्या मानाने लहान होत नाहीत, त्यामुळे लहान आंब्यातून रसाचं प्रमाणही कमी निघतं. पहिल्या डझनातून साधारण बाराशे ग्रॅम रस मिळाला तर दुसऱ्यातून दोन किलोच्या पुढे मिळतो. म्हणून बारीक फळाचा डझन स्वस्त वाटला, तरी भावाची तुलना किलोवर करावी.

किती रस निघतो

पूर्ण पिकलेल्या, मध्यम हापूसमधून वजनाच्या ६० ते ६५ टक्के रस धरावा. लहान फळात ५५. पायरी रसाळ असली तरी रेषा कोयीला बरंच धरून ठेवतात, म्हणून तिथेही ५५ ते ६० च धरलेले बरे. हे ढोबळ आकडे आहेत. आणलेल्या आंब्यांचा नेमका आकडा हवा असेल तर एक फळ काट्यावर तपासा: आंबा २६० ग्रॅम, पिळून झाल्यावर साल ४५, कोय ४२, भांड्याला-हाताला लागलेलं ८, म्हणजे हाती आला १६५ ग्रॅम रस, ६३ टक्के. उरलेल्या फळांचा हिशेब याच आकड्याने करा.

सहा जणांसाठी

चार मोठी माणसं आणि दोन मुलं आहेत असं धरू. पुरी-रसाचं जेवण असेल तर मोठ्यांना दोन वाट्या लागतात. एक वाटी दीडशे ग्रॅमची धरली, तर मोठ्यांचे १२०० ग्रॅम आणि मुलांच्या एकेका वाटीचे ३००, मिळून दीड किलो रस. हापूसचे ६० टक्के धरले की १५०० भागिले ०.६, म्हणजे अडीच किलो पिकलेले आंबे. अडीचशे ग्रॅमचं फळ असेल तर दहा नग लागतील.

पण दहाच आणू नका. हापूसमध्ये साका निघतो: कोयीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा आणि बेचव होतो, आणि बाहेरून फळ अगदी देखणं दिसतं. कापेपर्यंत कळायला मार्ग नाही. तेवढा भाग काढून टाकावा लागतो, म्हणून डझनामागे एखादं फळ जास्त धरावं. आंबे डझनावरच मिळत असतील तर सरळ एक डझन घ्या. दोनशे ग्रॅमची पायरी घेणार असाल तर ५५ टक्क्यांनी पावणेतीन किलो, म्हणजे चौदा फळं लागतात आणि एक जादा.

कच्चे आंबे आणून अढीत पिकवणार असाल तर पिकताना पाणी उडून साधारण दहा टक्के वजन घटतं. अडीच किलो पिकलेल्यांसाठी पावणेतीन ते तीन किलो कच्चे घ्यावेत.

रस काढताना

१. आंबे धुऊन अर्धा-एक तास पाण्यात ठेवा. मग देठ काढून तिथला चीक आणि पहिले दोन-चार थेंब टाकून द्या, नाहीतर घशाला खवखव होते.

२. फळ हलक्या हाताने सगळीकडून मऊ करून पिळा. देठाजवळचा भाग अजून कडक लागत असेल तर फळ पुरतं पिकलेलं नाही. त्याचा गर सालीला चिकटून राहतो आणि रस बराच कमी निघतो. एक-दोन दिवस थांबणं बरं.

३. साल उलटी करून चमच्याने खरवडा. कोय आधी कोरडीच पिळा, मग सगळ्या कोयी आणि साली पाव वाटी दुधात चोळून घ्या. अंगाला लागलेला रस त्यात उतरतो. हे दूध रसात घातलं तर रस लगेच वाढावा.

४. रेषा असतील तर पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढा. मिक्सरमध्ये फिरवलात तर हवा मिसळून रस फुगतो आणि भांडं भरलेलं दिसतं. फेस बसला की पातळी खाली येते. पुरेल की नाही हे पातेल्याकडे बघून न ठरवता वजन करून ठरवा.

दूध घालून रस पातळ करणार असाल, तर एक किलो रसात दोनशे ग्रॅम दूध धरून आंबे तेवढे कमी घेता येतात: वरच्या हिशेबात साडेबाराशे ग्रॅम रस, म्हणजे नऊ फळं पुरतात. पायरीचा रस मुळातच पातळ असतो, त्यात ही सवलत घेऊ नये.