मान्य मराठी शब्दसूची लागू करणारी सूचना : या चुका टाळा

रात्रपाळीच्या नोंदवहीत पुढील ओळ लिहिलेली आहे, असे धरून चालू : “`P-102B` बंद. सक्शन बंद. डिस्चार्ज खोलला. लाइन रिकामी.” लिहिणाऱ्या ऑपरेटरच्या मनात या चारही वाक्यांचा अर्थ अगदी स्पष्ट असतो. सकाळी पंपाचे सील बदलायला आलेल्या फिटरला मात्र या ओळीतून एकही गोष्ट खात्रीने कळत नाही.

पंप बंद म्हणजे काय? बटण दाबून थांबवला असेल, तर त्याचा निवडस्विच अजून ‘ऑटो’वर असू शकतो, आणि हेडरचा दाब उतरला की तो पंप आपोआप सुरू होईल. मोटरचा वीजपुरवठा फीडरवरून तोडून तिथे कुलूप लावले असेल, तर गोष्ट वेगळी. डिस्चार्ज खोलला, म्हणजे डिस्चार्जचा व्हॉल्व्ह उघडला की तो फ्लँजपासून सुटा करून खाली घेतला? कार्यशाळेत ‘इंजिन खोलले’ म्हटले की त्याचे भाग सुटे केले असाच अर्थ निघतो. हिंदीची सवय असलेला माणूस मात्र ‘खोलला’ वाचून व्हॉल्व्ह उघडा आहे असे समजतो. लाइन रिकामी, यात द्रव काढला एवढेच सांगायचे आहे की आतला दाबही उतरवला आहे, हे लिहिणाऱ्यालाच विचारावे लागेल, आणि तो एव्हाना घरी जाऊन झोपलेला असतो.

मान्य शब्दसूची हवी ती या ओळीसाठी. तरीही बहुतेक ठिकाणी सूची फलकावर लागते आणि नोंदवहीतील ओळ आहे तशीच राहते. त्याचे कारण सूचीत क्वचितच असते. ते बहुधा ती लागू करणाऱ्या सूचनेत असते.

“सर्वांनी आजपासून सोबतच्या सूचीतील शब्द वापरावेत”

एवढ्याच मजकुराची सूचना ही पहिली आणि सर्वांत महाग चूक आहे. ‘सर्वांनी’ आणि ‘आजपासून’ हे दोन्ही शब्द प्लांटमध्ये काहीही ठरवत नाहीत. सूचनेत कागदांची नावे घ्यावी लागतात : कामाचा परवाना, उपकरणावर लावायचा टॅग, पाळीची नोंदवही, पाळी सोपवण्याचा तक्ता आणि वॉकीटॉकीवरून दिलेली आज्ञा. या पाच ठिकाणी सूचीतील शब्द सक्तीचे आहेत, आणि कॅन्टीनमध्ये किंवा वर्कशॉपमधल्या गप्पांत कोणी कसे बोलावे याच्याशी सूचीचा संबंध नाही, असे सरळ लिहावे. बोलीवर बंधन आले असे लोकांना वाटले की ते सूचीकडेच पाठ फिरवतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

‘आजपासून’ ऐवजी तारीख, वेळ आणि पाळी द्यावी. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या परवान्यांचे काय, हे सांगावे. जुन्या शब्दांत काढलेला परवाना जुन्याच शब्दांत पूर्ण होऊन बंद झाला पाहिजे. चालू परवान्यावर मध्येच खाडाखोड करून नवे शब्द लिहिले, तर सकाळी एका अर्थाने सही केलेला कागद दुपारी दुसऱ्या अर्थाने वाचला जातो. म्हणूनच शटडाउनच्या काळात, जेव्हा एकाच वेळी अनेक परवाने उघडे असतात आणि बाहेरच्या कंत्राटदारांची माणसे आत असतात, तेव्हा सूची लागू करू नये. कमीत कमी परवाने चालू असतील असा दिवस निवडावा आणि पाळीबदलाच्या वेळेपासून सुरुवात करावी.

दोन रकान्यांची सूची

डावीकडे जुना किंवा इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मान्य मराठी शब्द, अशी यादी करणे सोपे असते, परंतु तिने वर दिलेल्या ओळीचा प्रश्न सुटत नाही. अडचण शब्द मराठी नसण्याची नाही. ‘बंद’ हा शब्द चांगला मराठीत रुळलेला आहे. अडचण ही की एकच शब्द चार वेगवेगळ्या स्थितींना लावला जातो. म्हणून प्रत्येक नोंदीत मान्य शब्द, त्यामागची स्थिती डोळ्यांनी कशी तपासायची, कोणता शब्द वापरायचा नाही आणि एक नमुना वाक्य, अशा चार गोष्टी हव्यात. ‘बंद’च्या बाबतीत सूचीतील नोंदी मी अशा लिहीन :

“बंद : फक्त व्हॉल्व्ह, डँपर आणि दार यांच्यासाठी. व्हॉल्व्हचे हँडव्हील बंद होण्याच्या दिशेने शेवटपर्यंत फिरवलेले असते. मोटर, पंप, पंखा यांच्यासाठी हा शब्द वापरू नये. नमुना : सक्शन व्हॉल्व्ह बंद केला.”

“थांबवला : पंप किंवा मोटर फिरत नाही, वीजपुरवठा जोडलेला आहे आणि यंत्र पुन्हा सुरू होऊ शकते. या स्थितीत दुरुस्तीचे काम करू नये. नमुना : `P-102B` थांबवला, निवडस्विच ‘ऑटो’वर.”

“वीज तोडून कुलूप लावले : फीडर बंद स्थितीत आहे, त्यावर कुलूप आणि टॅग आहे, आणि त्यानंतर जागेवरचे स्टार्ट बटण दाबून मोटर सुरू होत नाही हे पाहिले आहे. नमुना : `P-102B`ची वीज तोडून कुलूप लावले, बटण दाबून पाहिले.”

तिसऱ्या नोंदीत ‘फीडर बंद स्थितीत’ असे लिहिले आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. नियम आपणच केला आणि आपणच मोडला. सूचीचा पहिला मसुदा असाच असतो, आणि म्हणून प्रत्येक व्याख्या सूचीतील इतर नोंदींशी ताडून पाहावी लागते. येथे ‘फीडरचे हँडल ‘ऑफ’वर’ असे लिहिले पाहिजे, कारण पॅनेलवर तेच छापलेले असते आणि फिटर तेच पाहतो.

‘खोलणे’ या शब्दाचे काय करावे, यावर दोन मते असू शकतात. सुटे करणे या अर्थी तो आपल्याकडे जुना आहे, तेव्हा तो त्या अर्थी ठेवावा, असे काही जण म्हणतील. माझे मत वेगळे आहे. ज्या शब्दाचे दोन अर्थ दोन माणसांच्या डोक्यात आधीपासून पक्के आहेत, त्यातला एक अर्थ सूचना काढून पुसता येत नाही. म्हणून लेखी कामात तो शब्द पूर्ण वर्ज्य करावा, आणि व्हॉल्व्हसाठी ‘उघडला’ व भाग वेगळे करण्यासाठी ‘सुटा केला’ असे दोन निराळे शब्द द्यावेत. ‘लाइन’चीही हीच गत आहे. ती पाइपची असते, विजेची असते आणि पॅकिंगचीही असते; त्यामुळे ‘लाइन’ हा शब्द एकटा कधीही येऊ नये.

कोशातून उचललेले शब्द

महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संदर्भासाठी जवळ असावेत, कारण एखाद्या संकल्पनेला शब्द सापडत नसेल तेव्हा ते खरोखर उपयोगी पडतात. पण ज्या वस्तूला सगळा प्लांट व्हॉल्व्ह म्हणतो तिला सूचीत ‘झडप’ केले, तर धोक्याच्या वेळी ऐकणाऱ्याला आधी भाषांतर करावे लागते आणि मग धावावे लागते. व्हॉल्व्ह, पंप, फ्लँज, गॅस्केट, फीडर ही नावे तशीच मान्य करावीत. सूचीचा जोर वस्तूंच्या नावांवर नसावा, तर क्रिया आणि स्थिती दाखवणाऱ्या शब्दांवर असावा, कारण गोंधळ तिथेच होतो. स्क्रीनवर जे दिसते, उदाहरणार्थ `TRIP` किंवा `P-102B`, ते नोंदवहीतही त्याच अक्षरांत लिहावे. टॅग क्रमांक देवनागरीत लिहिल्यास स्क्रीनवरच्या आणि पंपावरच्या पाटीशी तो जुळवताना चूक होते.

शब्द समजला की नाही हे पाहण्यासाठी “याचा अर्थ काय?” असे विचारू नये, कारण प्रत्येक जण काही ना काही अर्थ सांगतोच. तिन्ही पाळ्यांतून काही ऑपरेटर आणि फिटर घ्यावेत, त्यांना नव्या शब्दांतील वाक्य द्यावे आणि प्रत्यक्ष उपकरणापाशी जाऊन ती स्थिती बोटाने दाखवायला सांगावे. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टींकडे बोट दाखवले, तर शब्द बदलावा; माणसांना पुन्हा शिकवत बसू नये.

संगणकावर एका फटक्यात बदल

सूचना निघाली की जुन्या कार्यपद्धती नव्या शब्दांत आणण्याचे काम बहुधा कार्यालयातील एका व्यक्तीकडे येते आणि ती शोधून-बदलण्याची सोय वापरते. ‘बंद’च्या जागी ‘थांबवला’ असा सरसकट बदल केला की ‘बंदिस्त जागा’ हे ‘थांबवलािस्त जागा’ होते, ‘प्रवेशबंदी’ची मोडतोड होते, आणि व्हॉल्व्हच्या बाबतीत जो ‘बंद’ बरोबर होता तोही चुकीचा होतो. यातली मोडलेली अक्षरे निदान डोळ्यांना खुपतात. ‘सक्शन व्हॉल्व्ह थांबवला’ हे मात्र छापून भिंतीवर लागते. प्रत्येक ठिकाण वाचूनच बदलावे लागते, त्याला दुसरा मार्ग नाही.

याच्या उलट अडचणही येते : शब्द कागदावर दिसतो आणि शोधल्यावर सापडत नाही. अशा वेळी आधी तो मजकूर युनिकोडमध्ये आहे की जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे हे पाहावे, कारण जुन्या फाँटमधील अक्षरे आत निराळ्याच चिन्हांनी साठवलेली असतात. मजकूर युनिकोडमध्ये असेल, तर व्हॉल्व, व्हॉल्व्ह, वॉल्व्ह अशी तिन्ही रूपे शोधावीत आणि सूचीत त्यातले एकच मान्य करावे.

लागू झाली, पण वापरात नाही

दोन आठवड्यांनी प्रत्येक पाळीच्या नोंदवहीतील शेवटच्या वीस नोंदी वाचाव्यात. ‘बंद/थांबवला’ अशी तिरकी रेघ मारून दोन्ही शब्द लिहिलेले आढळले, तर लिहिणाऱ्याला नियम माहीत आहे पण फरक पटलेला नाही, असे समजावे, आणि त्याला ‘ऑटो’वरच्या पंपाचे उदाहरण उपकरणापाशी नेऊन दाखवावे. सगळ्या पाळ्यांत एकच जुना शब्द टिकून असेल, तर दोष माणसांचा नसून सूचीतील शब्दाचा आहे. फक्त एकाच पाळीत जुने शब्द असतील, तर त्या पाळीच्या पॅनेल रूममध्ये जुनी प्रत लटकलेली आहे का, हे पाहावे. त्यासाठीच सूचीच्या प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख हवी, आणि नवी प्रत देताना जुनी परत घेतली जाईल असे सूचनेत लिहिलेले हवे. शब्दाबद्दल शंका असल्यास ती कोणत्या पदावरील व्यक्तीला कळवायची, हेही त्याच पानावर असावे; आणि उत्तर येईपर्यंत नवा शब्द न सुचल्यास एका शब्दाऐवजी पूर्ण वाक्य लिहावे, जसे की “पाइपमधील द्रव काढला, ड्रेन उघडा ठेवला, दाब उतरल्याची खात्री केलेली नाही.”