दरात जीएसटी धरला नव्हता, हे गिऱ्हाइकाला कसं सांगावं

ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांचा दर चौरस फुटावर सांगितला जातो आणि बहुतेक वेळा फोनवरच. गिऱ्हाईक विचारतं, "काय फूट?" आणि फॅब्रिकेटर म्हणतो, "साडेपाचशे." धंद्यातल्या माणसाला हा दर टॅक्सशिवायचा वाटतो, कारण तो रोज तसाच बोलतो. घरासाठी खिडक्या करून घेणाऱ्या माणसाला मात्र साडेपाचशे म्हणजे साडेपाचशेच. दोघंही खरं बोलत असतात, तरी वाद होतो. बिल हातात पडेपर्यंत हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही, हे त्याचं कारण.

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर सांगितलं आहे. एका फ्लॅटमध्ये चार खिडक्या आहेत: दोन ६ बाय ४ च्या, एक ५ बाय ४ ची आणि एक ४ बाय ३ ची. एकूण ८० चौरस फूट. फिटिंगसह दर ५५० रुपये, म्हणजे ४४,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ७,९२० रुपये आणि सगळं मिळून ५१,९२० रुपये. गिऱ्हाईक एक शिक्षिका आहेत आणि त्यांच्या डोक्यात ४४,००० पक्के बसले आहेत.

आधी स्वतःची बाजू तपासा

फोन उचलण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, तुम्हाला टॅक्स घेता येतो का? जीएसटीची नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावता येत नाही. कंपोझिशन योजनेत असाल तरी गिऱ्हाइकाकडून टॅक्स वसूल करता येत नाही, तो तुमच्या खिशातून जातो. या दोन्ही बाबतींत "टॅक्स वेगळा होता" हे वाक्यच उरत नाही. सांगितलेला दर तोच शेवटचा.

दुसरी गोष्ट, तुम्ही नेमकं काय कळवलं होतं ते शोधा. व्हॉट्सॲपवरचा मेसेज, कोटेशनचा कागद, सगळं उघडून बघा. "जीएसटी एक्स्ट्रा" असं खाली कुठेतरी लिहिलेलं असेल, किंवा काहीच नसेल. आठवणीवर विसंबून "मी सांगितलं होतं" म्हणालात आणि मेसेजमध्ये ते निघालं नाही, तर पुढचं कुठलंच बोलणं त्या बाईंना खरं वाटणार नाही.

कधी सांगायचं

कापणीच्या आधी. ॲल्युमिनियमचे सेक्शन मापाप्रमाणे एकदा कापले की गिऱ्हाइकाला "राहू द्या" म्हणता येत नाही. कारागीर तयार, माल तयार, ॲडव्हान्स तुमच्याकडे. अशा वेळी ७,९२० रुपये वाढवून सांगितले तर ती माहिती वाटत नाही, अडवणूक वाटते. हेच वाक्य माप घेण्याच्या दिवशी सांगितलं असतं तर फार तर नाराजी झाली असती. फसवल्यासारखं वाटणं बरंचसं या मोकळिकीवर अवलंबून असतं.

गैरसमज झाला आहे हे ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. "म्हणजे चव्वेचाळीसमध्ये सगळं आलं ना?" असा प्रश्न आला, किंवा निम्मा ॲडव्हान्स म्हणून बरोबर २२,००० रुपये आले, की थांबा. टॅक्ससह एकूणाचा निम्मा ॲडव्हान्स २५,९६० रुपये होतो. २२,००० आले याचा अर्थ समोरच्याने ४४,००० धरूनच हिशेब केला आहे. पैसे आल्याचा मेसेज बघून नुसता अंगठा पाठवला, तर तो आकडा तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं. त्याच दिवशी फोन करा.

कसं सांगायचं

मेसेज नंतर, आधी फोन. लेखी आकडा एकदम पुढे आला तर तो नोटिशीसारखा वाचला जातो. फोनवर तीन गोष्टी या क्रमाने सांगा: काय राहून गेलं, एकूण किती होतात, आणि नको असेल तर काय करता येईल. असं काहीसं:

"ताई, पुढे जाण्याआधी एक सांगायचं राहिलंय. मी ५५० चा दर सांगितला तेव्हा त्यात जीएसटी धरला नव्हता आणि तसं बोललोही नाही, ती माझी चूक. जीएसटी धरून सगळं ५१,९२० होतं. अजून माल कापलेला नाही. तुम्हाला हे बसत नसेल तर ॲडव्हान्स आजच परत करतो, किंवा काम थोडं कमी करून बसवता येतं का ते बघू."

यात "थोडा टॅक्स लागेल" असं कुठेही नाही. "थोडा" ऐकून माणूस हजार-दीड हजार धरतो आणि मग ७,९२० ऐकून दुसऱ्यांदा दुखावतो. "अठरा टक्के" एवढंच सांगणंही पुरत नाही, कारण फोनवर टक्केवारीचा हिशेब कुणी करत नाही. शेवटचा आकडा तुम्हीच बोला.

काही वाक्यं टाळा. "टॅक्स तर सगळीकडे लागतोच" म्हणजे तुम्हाला एवढंही कळत नाही, असा त्याचा अर्थ पोहोचतो. "ते सरकारकडे जातं, आम्हाला काही मिळत नाही" हे खरं असलं तरी तक्रारीला उत्तर नाही. तक्रार टॅक्सबद्दल नसते, उशिरा सांगण्याबद्दल असते. कोटेशनवर खाली "जीएसटी एक्स्ट्रा" लिहिलेलं असेल तरीही "तुम्ही वाचलं नाही का?" म्हणू नका. "खाली लिहिलंय, पण एकूण किती ते मी मांडून दिलं नव्हतं" एवढं म्हटलं की कागद तुमच्या बाजूने राहतो आणि समोरच्याला अडाणी ठरवलं जात नाही.

फोन झाल्यावर लगेच हा हिशेब मेसेजने पाठवा:

खिडक्या ४, एकूण ८० चौ. फूट × ५५० = ४४,०००
सीजीएसटी ९ टक्के = ३,९६०
एसजीएसटी ९ टक्के = ३,९६०
एकूण = ५१,९२०, फिटिंग व वाहतुकीसह

दोन ओळींत दोनदा ९ टक्के बघून काहींना दोनदा टॅक्स लावल्यासारखं वाटतं. "केंद्राचा आणि राज्याचा मिळून १८" असं एक वाक्य खाली घाला. वाहतूक आणि फिटिंग दरात आहे की वेगळं, हेही याच वेळी लिहा. वेगळं असेल तर बिलात त्यावरही टॅक्स लागतो. आज जीएसटीचं सांगून पुढच्या आठवड्यात टेम्पोभाड्याचं सांगितलं, तर पहिली चूक चूक होती यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

गिऱ्हाईक म्हणालं, "मी चव्वेचाळीसच देणार"

कुठेच काही लिहिलेलं नसेल तर हे म्हणणं अगदीच गैर नाही. घरगुती माणसाला ऐकलेला दर शेवटचा वाटणं साहजिक आहे. इथे भाव करण्याआधी आकडेमोड नीट करा, कारण नेमकी इथेच चूक होते.

४४,००० रुपयांतच टॅक्स बसवायचा तर ४४,००० चे १८ टक्के वजा करायचे नाहीत. तसं केलं तर मूळ रक्कम ३६,०८० येते आणि तुमचं विनाकारण नुकसान होतं. ४४,००० ला १.१८ ने भागा. मूळ किंमत ३७,२८८.१४ आणि टॅक्स ६,७११.८६ येतो. म्हणजे सगळा भार तुम्ही घेतलात तर खिशातून ७,९२० जात नाहीत, साधारण ६,७१२ जातात. किंमत उतरली की टॅक्सही उतरतो.

मध्यममार्ग निम्म्या-निम्म्याचा. फरक ७,९२० चा, त्यातला निम्मा ३,९६० तुम्ही सोडला तर एकूण ४७,९६० होतात. हेही १.१८ ने भागलं की मूळ किंमत सुमारे ४०,६४४ येते. ताईंचे ३,९६० वाचतात आणि तुमचे सुमारे ३,३५६ जातात. बिलात मात्र सूट टॅक्सच्या आधी दाखवा. आधी पूर्ण ४४,००० वर टॅक्स लावून खाली ३,९६० वजा केले, तर न मिळालेल्या पैशांवरचा टॅक्सही तुम्हीच भरता.

सूट परवडत नसेल तर कामात बदल सुचवा, पण नाव घेऊन. तीन ट्रॅकऐवजी दोन ट्रॅक केले तर दर उतरतो, मात्र जाळीचं पल्लं जातं. हे सांगून करा. गुपचूप हलका सेक्शन घालून पैसे भरून काढले, तर ती खरोखरीची फसवणूक होते.

आणि माल कापून झाल्यावर लक्षात आलं असेल, कागदावरही काही नसेल, तर आमच्या मते ते पैसे मागू नयेत. ४४,००० मध्येच टॅक्स बसवून पक्कं बिल द्यावं.

"मग बिलच नको"

हा प्रश्न येतोच. उत्तर लहान ठेवा: "ताई, बिलाशिवाय काम करत नाही. उद्या रोलर किंवा लॉक बिघडलं तर तुमच्या हातात बिलच असतं." उपदेश नको. बिल न देण्याची तयारी दाखवली, तर मघाशी सांगितलेला टॅक्स खरा होता की नुसता आकडा, अशी शंका तुम्हीच पेरता.

दुकानासाठी खिडक्या करून घेणारा माणूस जीएसटी नंबर देतो तेव्हा संवाद सोपा असतो, कारण त्याला "प्लस जीएसटी" ऐकायची सवय असते. पण त्याला "टॅक्स तुम्हाला परत मिळेल" असं आश्वासन देऊ नका. इमारतीत कायम बसवलेल्या कामाचं क्रेडिट अनेकदा मिळत नाही, आणि तो कंपोझिशनमध्ये असेल तर मुळीच नाही. "तुमच्या सीएंना विचारा" हेच बरोबर उत्तर.

पुढच्या वेळी कुणी फोनवर "काय फूट?" विचारलं की दोन्ही आकडे एका दमात सांगा: "साडेपाचशे आणि जीएसटी, धरून सहाशे एकोणपन्नास."