सिकंट फॉर्म्युल्याने कॉलमचा अलाउएबल लोड काढताना या चुका टाळा

एक्सेंट्रिक लोड असलेल्या कॉलमची गणितं तपासताना एक गोष्ट कायम दिसते. फॉर्म्युला बरोबर लिहिलेला असतो, आकडेही बरोबर टाकलेले असतात, आणि तरी अलाउएबल लोड चुकलेला असतो. आणि चुकतो तो बहुतेक वेळा धोक्याच्या बाजूला, म्हणजे कॉलमला झेपेल त्यापेक्षा जास्त लोड उत्तरात येतो. म्हणून एकच कॉलम घेऊन बघू की नेमकं कुठे घसरायला होतं.

आधी फॉर्म्युला समोर ठेवू:

```
σmax = (P/A) · [ 1 + (e·c/r²) · sec( (L/2r) · √(P/(E·A)) ) ]
```

आपला कॉलम म्हणजे १०० × १०० मिमीची चौकोनी पोकळ ट्यूब, जाडी ६ मिमी, कोपरे सरळ धरलेत. लांबी ३ मीटर, दोन्ही टोकं पिन. लोड दोन्ही टोकांना एकाच बाजूला, मध्यापासून २० मिमी सरकलेला. स्टीलचा E २०० गिगापास्कल, यील्ड स्ट्रेस २५० मेगापास्कल, फॅक्टर ऑफ सेफ्टी २ हवाय. एरिया येतो २२५६ चौरस मिमी, I येतो ३३,३५,८७२ मिमी⁴, म्हणजे r साधारण ३८.५ मिमी. c अर्थातच ५० मिमी, आणि ec/r² येतं ०.६७६. ऑयलरचा क्रिटिकल लोड काढून ठेवा, ७३१.६ किलोन्यूटन, तो पुढे दोनदा लागणार आहे.

सगळ्यात मोठी चूक: फॅक्टर ऑफ सेफ्टी स्ट्रेसला लावणं

सवयच तशी लागलेली असते. साध्या टेन्शनच्या रॉडमध्ये किंवा बीममध्ये यील्ड स्ट्रेसला २ ने भागायचं, १२५ मेगापास्कल अलाउएबल धरायचा आणि त्यातून लोड काढायचा, तिथे ते चालतं कारण लोड दुप्पट केला की स्ट्रेसही दुप्पट होतो. इथे तसं होत नाही. फॉर्म्युल्यात P दोन ठिकाणी आहे, एकदा बाहेर आणि एकदा सेकच्या आत वर्गमुळाखाली, त्यामुळे लोड वाढला की स्ट्रेस त्याच्यापेक्षा जास्त वेगाने वाढतो.

का वाढतो ते डोळ्यासमोर आणा. लोड मध्यापासून २० मिमी लांब आहे म्हणून कॉलम वाकतो, वाकला की मधल्या भागात लोडचं अंतर २० पेक्षा जास्त होतं, अंतर वाढलं की मोमेंट वाढतो, मोमेंट वाढला की कॉलम अजून वाकतो. हा वाढीव भागच तो सेक पकडतो.

आता आकडे बघा. σmax बरोबर २५० होईल असा P काढला तर तो येतो साधारण २६२.५ किलोन्यूटन. याला २ ने भागलं की अलाउएबल लोड १३१ किलोन्यूटन, हे बरोबर उत्तर. पण σmax ला १२५ धरून सोडवलं तर P येतो १४९ किलोन्यूटन. दिसायला दोन्ही ठीकच वाटतात, पण १४९ वर कॉलम चालवला तर यील्डपर्यंतचं खरं अंतर २६२.५ भागिले १४९, म्हणजे फक्त १.७६. कागदावर २ लिहिलंय आणि हातात १.७६ आहे. कॉलम जितका सडपातळ तितकी ही दरी मोठी होत जाते.

उलट बाजूनेही पडताळता येतं: १३१ किलोन्यूटनला σmax साधारण १०८ मेगापास्कल येतो. लोड दुप्पट केला की १०८ चे २१६ नाही, २५० होतात. म्हणून अलाउएबल लोडवरचा स्ट्रेस १२५ पेक्षा कमी आला तर "काहीतरी चुकलं" असं समजून परत खोडू नका, तो कमीच यायला हवा. याच कारणाने दोन वेगवेगळ्या लोडचे स्ट्रेस वेगवेगळे काढून बेरीजही करायची नाही, आधी लोडची बेरीज करायची आणि मग फॉर्म्युला लावायचा.

कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहणं

ही चूक फार साधी आहे पण हिचं उत्तर इतकं शहाणं दिसतं की शंकाच येत नाही. सेकच्या आतला आकडा रेडियनमध्ये असतो. आपल्या केसमध्ये यील्डच्या लोडला तो ०.९४ येतो. रेडियनमध्ये सेक ०.९४ म्हणजे साधारण १.७०, पण डिग्रीवर असाल तर १.०००१ मिळतं. म्हणजे कॉलम अजिबात वाकतच नाही असं आपण धरून बसलो! मग यील्डचा लोड ३३६ किलोन्यूटन आणि अलाउएबल १६८ येतो, आणि खरा फॅक्टर राहतो १.५६.

ओळखायची खूण एकच, सेकची किंमत वेगळी लिहून बघा. आतला आकडा १ च्या आसपास आहे आणि सेक १.०००-काहीतरी येतोय, तर मोड चुकलाय. खरंच आखूड कॉलम असेल तर सेक १ च्या जवळ येऊ शकतो, पण तेव्हा आतला आकडाही लहान असतो, ०.१-०.२ वगैरे.

P सोडवताना भलत्याच मुळावर जाऊन बसणं

P एका बाजूला काढता येत नाही, त्यामुळे ट्रायल करावीच लागते. हाताने करायची सोपी पद्धत: सेक १ धरून सुरुवातीचा P काढा (आपला ३३६), तो सेकमध्ये टाका, नवा P काढा, परत टाका. आपल्या कॉलमला ३३६, २३५, २७२, २५९, २६४, २६२ असं वर-खाली होत २६२.५ वर थांबतं. दुसऱ्याच पायरीला २३५ बघून "हे तर भरकटतंय" असं वाटतं आणि लोक सोडून देतात, पण झोके लहान होतायत ना तेवढं बघायचं.

खरी अडचण येते सडपातळ कॉलमला. तिथे पहिला अंदाजच ऑयलर लोडच्या वर जाऊ शकतो, मग सेकच्या आतला आकडा π/२ ओलांडतो, सेक निगेटिव्ह होतो आणि पुढे जे काही येतं त्याला काही अर्थ नसतो. एक्सेलचा गोल सीक किंवा कॅल्क्युलेटरचा सॉल्व्हही असाच पलीकडच्या मुळावर जाऊन बसतो आणि आनंदाने उत्तर देतो. म्हणून नियम ठेवा: उत्तर शून्य आणि ऑयलर लोड यांच्या मधेच शोधायचं. मी तर आता सरळ बायसेक्शन लावतो, हळू आहे पण चुकत नाही:

```
from math import pi, sqrt, cos
A, I, E, L = 2256, 3335872, 200000, 3000
e, c, sy, FS = 20, 50, 250, 2
PE = pi**2*E*I/L**2
lo, hi = 0, PE
for _ in range(60):
    P = (lo+hi)/2
    s = P/A*(1 + e*c*A/I/cos(pi/2*sqrt(P/PE)))
    if s > sy: hi = P
    else: lo = P
print(P/1000, P/FS/1000)
```

इथे सेकच्या आत `pi/2*sqrt(P/PE)` लिहिलंय, तो तोच फॉर्म्युला आहे, फक्त L/2r वाला भाग ऑयलर लोडमधून लिहिला की चुका कमी होतात.

e, c आणि लांबी कुठून मोजायची

e नेहमी सेंट्रॉइडपासून मोजायचा, कॉलमच्या बाहेरच्या कडेपासून नाही. ब्रॅकेटवरचा लोड कडेच्या बाहेर २० मिमीवर असेल तर e २० नाही, ५० + २० = ७० आहे, आणि हा फरक जीवघेणा आहे. c म्हणजे सेंट्रॉइडपासून जिथे कॉम्प्रेशन सगळ्यात जास्त त्या आतल्या बाजूच्या कडेपर्यंतचं अंतर, चॅनलसारख्या एकतर्फी सेक्शनला दोन्ही बाजूंचं c वेगळं असतं तिथे जपून. आणि r त्याच अक्षाचा घ्यायचा ज्याभोवती e मुळे बेंडिंग होतंय. आयताकृती सेक्शनला e रुंद बाजूच्या दिशेने असेल तर सिकंट फॉर्म्युल्यात मोठा r येतो, पण मग लहान r च्या अक्षाभोवती ऑयलरने वेगळं तपासणं राहून जातं. ४० × १०० मिमीच्या भरीव पट्टीत टोकं दोन्ही दिशांना सारखी असतील तर दोन अक्षांच्या ऑयलर लोडमध्ये ६.२५ पटीचा फरक आहे, त्यामुळे कॉलम आडव्या बाजूला आधीच सुटू शकतो.

लांबीचं सांगायचं तर हाच ट्यूब खाली पक्का आणि वर मोकळा असेल तर L च्या जागी ६ मीटर येतात, आणि यील्डचा लोड २६२ वरून १३६ किलोन्यूटनवर येतो. मात्र दोन्ही टोकं पक्की आहेत म्हणून अर्धी लांबी टाकून हाच फॉर्म्युला चालवू नका, कारण तो दोन्ही टोकांना सारखाच मोमेंट आहे असं धरून बनलाय आणि पक्क्या टोकाला लोड सरकवल्याचा मोमेंट आधारच खाऊन टाकतो. दोन टोकांचे e वेगळे किंवा विरुद्ध बाजूंना असले तरी तो लागू नाही.

e शून्य टाकून "लोड अगदी मध्यावर आहे" असं करूनही चालत नाही, तेव्हा फॉर्म्युला नुसता P/A देतो आणि बकलिंगबद्दल एक अक्षर सांगत नाही.

उत्तर आलं की हे करून बघा

मधला डिफ्लेक्शन e(sec − 1) ने काढा. आपला २६२.५ वर १४ मिमी येतो. मग साध्या पद्धतीने जोडा: P/A चे ११६.४, आणि मोमेंटचे २,६२,५०० × ३३.९५ × ५० भागिले I म्हणजे १३३.६. बेरीज २५०, जुळलं. जुळलं नाही तर एकक किंवा r चा वर्ग कुठेतरी राहिलाय, बहुतेक ec/r² ऐवजी ec/r टाकलेलं असतं.

हीच दोन पदं वजा केली की बाहेरच्या बाजूचा स्ट्रेस मिळतो, इथे १७ मेगापास्कल टेन्शन. स्टीलला त्याने काही होत नाही, पण कास्ट आयर्नसारखं टेन्शनला कच्चं मटेरिअल असेल तर कॉम्प्रेशनच्या बाजूआधी ही बाजूच तडकू शकते, आणि सिकंट फॉर्म्युला जसा लिहिलाय तसा तो हे दाखवत नाही, ते वजा करून स्वतःच बघावं लागतं.