सूप पातळ झालं तर कॉर्नफ्लोर किती घालायचं

परवा सोलापुरात घरी पाहुणे आले म्हणून लिटरभर मंचाव सूप केलं, अंदाजपंचे कॉर्नफ्लोर ओतलं आणि वाढेपर्यंत त्याची खळ झाली, चमचा उभा राहील अशी. तेव्हापासून मी मोजूनच घालते.

सूपला लिटरमागे 2 सपाट मोठे चमचे (मोठा म्हणजे 15 मिलीचा, त्यात साधारण 8 ग्रॅम बसतं), आणि मंचुरियनसारखी अंगाला चिकटणारी ग्रेव्ही हवी असेल तर लिटरला 4. मैदा वापरणार असाल तर हेच दुप्पट धरा.

कॉर्नफ्लोर आधी वाटीत पाण्यात कालवा, पाणी गारच घ्या, पावडरच्या दुप्पट, म्हणजे 2 चमच्यांना 4 चमचे, कारण गरम पाण्यात बाहेरून लगेच शिजतं, आत कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात. ओतायच्या आधी वाटी परत ढवळा, तळाशी घट्ट बसलेलं असतं ते. सूप उकळत असतानाच बारीक धार सोडायची, आधी पाऊणच घाला, ढवळत 1 मिनिट उकळू द्या आणि मग बघा. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ मारा, रेघ तशीच राहिली की ग्रेव्ही झाली, सूपला मात्र थोडी ओघळलेलीच बरी कारण गार होताना ते अजून घट्ट होतं. मैद्याला 5-7 मिनिटं द्या, नाहीतर कच्ची चव राहते.

व्हिनेगर, लिंबू गॅस बंद करून घाला, आंबटासोबत उकळत राहिलं की परत पातळ होतं.