'पर्सनल कम्युनिकेशन' लिहिताना या चुका टाळा

राजारामपुरीत चहा घेताना एक सहकारी सहज म्हणाला, "आमच्या तळ्यात उन्हाळ्यात फॉस्फेट 0.4 आलं." माझा पेपर तेव्हा जलपर्णीवर चालू होता. मी आकडा उचलला, 'मिलिग्रॅम प्रति लिटर' जोडलं आणि कंसात त्याचं नाव टाकून 'पर्सनल कम्युनिकेशन', म्हणजे खाजगी संवादातून कळलेली माहिती, असं लिहिलं. माझ्या तळ्याचं फॉस्फेट 0.9, म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त, असा निष्कर्षही काढला.

पेपर पाठवायच्या आदल्या दिवशी राहवेना, म्हणून तेवढं वाक्य त्याला मेल केलं. त्याचा 0.4 हा आकडा फॉस्फेटमधल्या नुसत्या फॉस्फरसचा निघाला. माझे आकडे अख्ख्या फॉस्फेट आयनचे. फॉस्फरसचा अणुभार 31, आयनमधल्या सगळ्या अणूंचा मिळून 95, म्हणजे त्याचा आकडा माझ्या मापात साधारण 1.2 होतो. जास्त फॉस्फेट त्याच्याच तळ्यात होतं!

तोंडी ऐकलेलं तसंच छापायला देणं, ही पहिली चूक. परवानगी मागताना "तुझा डेटा वापरू का?" एवढंच विचारू नका. तुमचं पूर्ण वाक्य, आकडा, एकक आणि नाव कसं छापलं जाईल ते पाठवा आणि दोन गोष्टी लेखी मागा: हे बरोबर आहे का, आणि छापायला संमती आहे का. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आयसीएमजेई समिती नेमक्या याच दोन गोष्टी लेखी घ्यायला सांगते. मेल जपून ठेवा, कारण काही जर्नल पेपरसोबतच हे पत्र मागतात. डेटा पीएचडीच्या विद्यार्थ्याचा असेल तर त्याच्या गाइडलाही विचारा; विद्यार्थ्याच्या 'हो'वर विसंबून पुढे भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

दुसरी चूक संदर्भसूचीतली. संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीत असा संवाद सूचीत येत नाही, कारण वाचकाला तो शोधून वाचता येत नाही. मजकुरातच आद्याक्षरं, आडनाव, 'पर्सनल कम्युनिकेशन' आणि नेमकी तारीख द्यायची. तोच आकडा प्रबंधात किंवा प्रीप्रिंटमध्ये आला असेल तर त्याचाच संदर्भ द्या. तिथे परवानगीचा प्रश्न येत नाही.

सहकारी नको म्हणाला, तर नाव गाळून 'अप्रकाशित डेटा' लिहायची पळवाट काढू नका. नाव नसलं की वाचक तो डेटा तुमचाच समजतो. वाक्य काढून टाका. ते काढल्यावर निष्कर्षच कोसळत असेल, तर तो आकडा कंसात मावणारा नव्हताच: त्याचा पेपर येईपर्यंत थांबा, नाहीतर त्याला सहलेखक होतोस का विचारा.

मी आकडा 1.2 केला, तुलना उलटी लिहिली आणि नवं वाक्य पुन्हा त्याच्याकडे पाठवलं. "आता छाप," असं त्याचं उत्तर आलं, तेव्हाच पेपर पाठवला.