E° वरून ΔG° आणि K काढताना या चुका टाळा

तांब्याची पट्टी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवली की तिच्यावर चांदी जमते आणि द्रावणाला निळसर रंग चढतो. हीच अभिक्रिया सेलमध्ये घडवली, तर 25 अंश सेल्सिअसला प्रमाण व्होल्टेज किती? कोष्टकात चांदीचे रिडक्शन पोटेन्शियल +0.80 V आणि तांब्याचे +0.34 V आहे. या दोन आकड्यांवरून बहुतेक सगळ्या नेहमीच्या चुका दाखवता येतात.

```
Cu + 2Ag⁺ → Cu²⁺ + 2Ag
E°cell = E°(कॅथोड) − E°(अॅनोड) = 0.80 − 0.34 = 0.46 V
```

उत्तर 1.14 V आले असेल, तर चिन्ह दोनदा उलटले आहे. तांब्याचे ऑक्सिडेशन होते म्हणून आधी 0.34 चे −0.34 केले, आणि मग सूत्रातल्या वजाबाकीने ते पुन्हा उलटले. वरच्या सूत्रात दोन्ही आकडे कोष्टकात आहेत तसेच, रिडक्शनचे, घालायचे. उलटवण्याचे काम वजाबाकी करते.

उत्तर 1.26 V आले असेल, तर 0.80 ला 2 ने गुणले आहे. ही चूक सर्वांत चिवट, कारण अर्धअभिक्रिया दुपटीने लिहिली की तिच्यासमोरचा आकडाही दुप्पट करावा असे हाताला वाटते. पण व्होल्ट म्हणजे दर कूलोम प्रभारामागची ऊर्जा. चांदीचे आयन दुप्पट घेतले तर ऊर्जा दुप्पट होते आणि वाहणारा प्रभारही दुप्पट होतो, त्यामुळे भागाकार तोच राहतो. अभिक्रियेच्या आकाराप्रमाणे बदलते ते ΔG°:

```
ΔG° = −nFE° = −2 × 96485 × 0.46 ≈ −88800 J = −88.8 kJ
log K = nE°/0.0592 = 0.92/0.0592 ≈ 15.54,  K ≈ 3.5 × 10¹⁵
```

इथे n म्हणजे संतुलित समीकरणात एका धातूकडून दुसऱ्याकडे गेलेले इलेक्ट्रॉन, म्हणजे 2. दोन अर्धअभिक्रियांतले इलेक्ट्रॉन मिळवून 4 धरू नका. तांब्याने सोडलेले 2 इलेक्ट्रॉनच चांदी घेते. समीकरण निम्मे करून लिहिले, तर n = 1, ΔG° = −44.4 kJ आणि K सुमारे 5.9 × 10⁷, म्हणजे आधीच्या K चे वर्गमूळ. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, म्हणून K च्या शेजारी समीकरण लिहायलाच हवे. E° मात्र दोन्हीकडे 0.46 V.

ΔG° वरून K काढताना चूक झाली, तर उत्तरावरूनच ती ओळखता येते. K साधारण 1.04 आला, तर 88.8 हे किलोज्यूल तसेच ठेवून 8.314 × 298 ने भागले आहे. R ज्यूलमध्ये असतो, तेव्हा 88800 घालायला हवे. K सुमारे 5.6 × 10⁶ आला, तर 15.54 चा घातांक 10 ऐवजी e वर चढवला आहे. 0.0592 च्या सूत्रातून log मिळतो, RT च्या सूत्रातून ln. इथे ln K सुमारे 35.8 आहे. आणि 0.0592 हा आकडा 25 अंशांपुरताच आहे. तापमान बदलले की तो बदलतो, शिवाय E° सुद्धा.

K चे फार अंकही लिहू नयेत. हेच विभव 0.7996 आणि 0.3419 V असे नेमके घेतले, तर K सुमारे 3 × 10¹⁵ येतो. n = 2 असताना 0.01 V चा फरक K ला दुपटीहून जास्त हलवतो. 3.47 × 10¹⁵ लिहिणे म्हणजे नसलेल्या अचूकतेचा दावा.

एक सापळा वेगळ्या जातीचा आहे. पूर्ण सेलसाठी विभव सरळ वजा करता येतात, कारण दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रॉन सारखे असतात आणि n कटून जातो. पण दोन अर्धअभिक्रिया जोडून तिसरी अर्धअभिक्रिया मिळवायची असेल, तर इलेक्ट्रॉन कटत नाहीत. लोखंडाचे पाहा:

```
Fe³⁺ + e⁻ → Fe²⁺     +0.77 V
Fe²⁺ + 2e⁻ → Fe      −0.44 V
Fe³⁺ + 3e⁻ → Fe      ?
```

सरळ बेरीज केली तर +0.33 V येतात, आणि ते चूक आहे. बेरीज मुक्त ऊर्जेची करायची, म्हणजे प्रत्येक विभवाला त्याच्या n ने गुणून मिळवायचे आणि शेवटी 3 ने भागायचे: (1 × 0.77 + 2 × (−0.44)) / 3 = −0.11/3, म्हणजे सुमारे −0.04 V. इथे तर चिन्हसुद्धा बदलले.