दाढ उपटण्याआधी थांबा: चेहऱ्यातल्या सणकेबाबत या चुका टाळा

समजा, औशाकडची साठीतली एक बाई आहे. तोंड धुताना गालाला हात लागला, भाकरीचा घास चावला, नुसतं बोललं तरी उजव्या खालच्या जबड्यात करंट बसल्यासारखी सणक येते आणि काही सेकंदांत जाते. मग पुन्हा शांत. घरचे म्हणतात, "दाढ किडली असंल, काढून टाका." दाढ निघते. काही दिवस बरं वाटतं, मग तीच सणक शेजारच्या दाढेत येते. तीही निघते. दुखणं मात्र दाढेत नव्हतंच. ते चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेत होतं. या आजाराला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. बहुतेकदा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या नसेवर दाबून असते.

पहिली चूक म्हणजे दुखणं नीट न विचारणं. किडीने दाढेची आतली नस सुजली तर ठणका लागतो. गार-गरम लागल्यावर तो बराच वेळ टिकतो, रात्री झोपमोड करतो, आडवं झालं की वाढतो. न्यूराल्जियाची कळ क्षणभराची, फार तर दोन मिनिटांची. ती हलक्या स्पर्शानेही उठते, झोपेत सहसा येत नाही आणि साध्या वेदनाशामक गोळीला दाद देत नाही.

दुसरी चूक डॉक्टरांकडूनही होते आणि ती जास्त फसवी आहे. दाढेजवळ बधिरतेचं इंजेक्शन दिलं, कळ थांबली, म्हणजे दोष दाढेतच, असा निष्कर्ष काढला जातो. पण न्यूराल्जियाची कळ ज्या जागेला हात लागल्यावर उठते, ती जागा बधिर केली तरी कळ थांबते. दाढ काढल्यावर मिळालेला आरामही पुरावा नव्हे. हा आजार मधेच काही आठवडे, कधी महिनेही आपोआप शांत राहतो.

म्हणून एक्स-रेत कीड किंवा मुळाशी पू नसेल, ठोकून दाढ दुखत नसेल, तर उपटायची घाई नको. फक्त तडा गेलेली दाढ इथे चकवते. चावून दाब सोडताना तीही झटकन कळ देते, आणि एक्स-रेत तडा अनेकदा दिसत नाही. त्यासाठी एकेका दाढेखाली काडी धरून चावायला लावतात.

दातात काही सापडलं नाही तर लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ते कार्बामॅझेपिन हे औषध कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. आराम पडला तर निदानालाही बळ मिळतं. सहसा एमआरआयही करतात, कारण क्वचित गाठ किंवा दुसरा आजार निघतो. शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नका. या औषधाने चक्कर येते, रक्तातलं सोडियम घटू शकतं, आणि अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा.